लहान न्यूटन, मोठा N

मोटारीच्या चाकाचे नट किती घट्ट आवळायचे, हे तिच्या सर्व्हिस पुस्तिकेत छापलेले असते. समजा तिथे ११० Nm असे लिहिले आहे. याचा अर्थ, अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २२० न्यूटन जोर लावायचा. त्या टोकाला सुमारे साडेबावीस किलोचे वजन टांगले तर तेवढा जोर पडेल. आता हीच संज्ञा कोणी घाईत ११० nm अशी लिहिली, तर आवळण्याचा जोर त्यातून नाहीसाच होतो. nm म्हणजे नॅनोमीटर, मीटरचा शंभर कोटीवा भाग. ११० नॅनोमीटर ही साधारण एका कोरोना विषाणूच्या आकाराची लांबी झाली. आणि अक्षरांचा क्रम उलटून mN लिहिले, तर तो मिलिन्यूटन, म्हणजे न्यूटनचा हजारावा भाग.

दोनच अक्षरे, पण ती लहान की मोठी आणि कोणत्या क्रमाने, यावर ठरते की आपण जोर मोजतोय, लांबी मोजतोय की आणखी काही. इंग्रजीत मात्र याच एककाचे पूर्ण नाव लिहिताना पहिले अक्षर लहान n असते. न्यूटन तर माणसाचे नाव, ते इंग्रजीत नेहमी मोठ्या अक्षराने सुरू व्हायला हवे. मग एककाच्या नावात अक्षर लहान का, आणि त्याच्याच संज्ञेत मोठे का? या दोन्ही निर्णयांमागे वेगवेगळी कारणे आहेत.

आधी नावाचे पाहू. शाळेतल्या व्याकरणात आपण शिकतो की विशेषनाम कधी कधी सामान्यनामाचे काम करते. ‘आमच्या घरात दोन कुंभकर्ण आहेत’ असे म्हणताना रावणाच्या भावाबद्दल आपण काही सांगत नसतो. कुंभकर्ण हा तिथे एक प्रकार झालेला असतो, म्हणून तर त्याच्यामागे ‘दोन’ लागू शकते. एककाचे नेमके हेच झाले आहे. आयझॅक न्यूटन एकच होता, पण न्यूटन जोर दहा असू शकतो, अर्धा असू शकतो, दोनशे वीस असू शकतो. एक किलोग्रॅम वस्तुमानाचा वेग दर सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंदाने वाढवणारे बल, ही त्याची व्याख्या. तिच्यात त्या माणसाचा उल्लेखही नाही. इंग्रजीत मीटर, सेकंद, ग्रॅम ही सामान्यनामे लहान अक्षराने लिहितात, त्यांच्याच पंगतीत न्यूटन, पास्कल, वॅट, जूल हेही बसतात. जर्मन भाषेत सगळीच नामे मोठ्या अक्षराने सुरू होतात, म्हणून तिथे न्यूटनही मोठ्या अक्षराने आणि मीटरही. एककांसाठी म्हणून वेगळा मान कुठेच नाही.

माणसाचे नाव एककाला देण्याची प्रथा विजेच्या क्षेत्रातून आली. समुद्राखालून तारयंत्राच्या केबल टाकणाऱ्या अभियंत्यांना रोध, दाब आणि प्रवाह मोजायला सोयीची एकके हवी होती. लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या दोघांनी १८६१ साली शास्त्रज्ञांच्या नावांवरून एककांची नावे सुचवली. पुढे १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने व्होल्ट, ओहम, अँपिअर, कुलोम आणि फॅरड ही नावे मान्य केली. यातल्या दोन नावांकडे नीट पाहा. अलेस्सांद्रो व्होल्टाचे ‘व्होल्ट’ झाले, मायकेल फॅरडेचे ‘फॅरड’. नावाची शेपटी छाटून, बोलायला सुटसुटीत असा नवा शब्द घडवला गेला. तो शब्द माणसापासून वेगळा झाला, हे तिथेच उघड आहे.

संज्ञेची गोष्ट निराळी. १९४८ साली वजने व मापे यांच्या नवव्या सर्वसाधारण परिषदेने एक ठराव केला. एककांच्या संज्ञा साधारणपणे लहान, उभ्या रोमन अक्षरांत लिहाव्यात, पण संज्ञा विशेषनामावरून आली असेल तर मोठे अक्षर वापरावे, आणि संज्ञेनंतर पूर्णविराम देऊ नये. त्याच ठरावाच्या यादीत बलाचे एकक म्हणून न्यूटन आणि त्याची संज्ञा N होती. आज आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत अशी १९ एकके शास्त्रज्ञांच्या नावांवर आहेत.

मोठ्या अक्षराने त्या माणसाची खूण राहते, हे खरे. पण रोजच्या कामात त्याचा खरा उपयोग गर्दी टाळण्याचा आहे. रोमन लिपीत अक्षरे २६, आणि त्यांवर हक्क सांगणाऱ्या संज्ञा खूप. लहान s सेकंदाने घेतला आहे, मोठा S सीमेन्सने. लहान h तासाचा, मोठा H हेन्रीचा. लहान t टनाचा, मोठा T टेस्लाचा. एमआरआय यंत्रावर 1.5 T लिहिलेले असते, ती चुंबकीय क्षेत्राची तीव्रता. तिथे t लिहिला तर दीड टन वजन होईल. लहान आणि मोठे अक्षर वेगळे मानल्यामुळे तेवढ्याच अक्षरांत दुप्पट संज्ञा मावतात.

त्यात भर उपसर्गांची. k म्हणजे हजार पट, M म्हणजे दहा लाख पट, m म्हणजे हजारावा भाग. घरच्या वीजबिलातले ‘युनिट’ म्हणजे एक kWh. यातला k लहान, कारण तो ‘किलो’ हा उपसर्ग आहे. W मोठा, कारण तो जेम्स वॅटच्या नावावरून आला. h पुन्हा लहान, कारण तास हे कोणाचे नाव नाही. अनेक ठिकाणी KWH असे छापतात. नियमाने वाचले तर त्याचा अर्थ केल्विन गुणिले वॅट गुणिले हेन्री, म्हणजे तापमान, शक्ती आणि विद्युत प्रवर्तन यांचा निरर्थक गुणाकार. संदर्भाने आपण समजून घेतो, म्हणून बिल भरताना अडत नाही. पण सगळीकडे संदर्भ वाचवत नाही.

बांधकामाचे उदाहरण घेऊ, कारण तिथे पास्कल रोज वापरात असतो. पास्कल म्हणजे एक चौरस मीटरवर एक न्यूटन. दाबाच्या या एककाला पास्कल हे नाव आणि Pa ही संज्ञा १९७१ मध्ये मिळाली. ब्लेझ पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिये १६४८ च्या सप्टेंबरमध्ये पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या पुई द डोम या डोंगरावर चढला होता. पायथ्याशी पाऱ्याची उंची जेवढी होती, त्यापेक्षा माथ्यावर ती तीन इंचांहून अधिक खाली आली. वर गेले की हवेचा दाब कमी होतो, हे त्यातून दिसले. पाऱ्याची ही घट आजच्या हिशेबात अकरा हजार पास्कलच्या आसपास आहे. एक पास्कल इतका लहान आहे.

तो किती लहान, हे कागदाने पाहता येते. झेरॉक्सचा नेहमीचा कागद एका चौरस मीटरला ८० ग्रॅम भरतो. टेबलावर सपाट ठेवलेला असा एक कागद टेबलावर सुमारे ०.८ पास्कल दाब देतो. म्हणजे कागदाच्या एका पानाचा दाब पास्कलपेक्षाही कमी. म्हणूनच काँक्रीटसाठी मेगापास्कल, MPa वापरतात. एम-२० काँक्रीटचा ठोकळा २८ दिवसांनी दाबून पाहिला, की त्याची ताकद २० MPa, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन अशी अपेक्षित असते. चाचणीच्या अहवालात चुकून 20 mPa छापले गेले, तर ती ताकद शंभर कोटी पटीने घटली. २० मिलिपास्कल म्हणजे ०.०२ पास्कल, त्या एका कागदाच्या दाबाचा चाळिसावा भाग. अशा काँक्रीटवर कागदही ठेवता येणार नाही.

Pa मधला a लहान का, हेही आता कळेल. दोन अक्षरी संज्ञेत फक्त पहिले अक्षर मोठे, जसे Hz किंवा Wb. PA असे लिहिले तर तो पेटाअँपिअर होतो, कारण P हा ‘पेटा’ उपसर्ग आणि A म्हणजे अँपिअर. दाबाऐवजी विजेचा प्रवाह हाती येईल, तोही एकावर पंधरा शून्ये इतका.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे ‘न्यूटन’ किंवा ‘पास्कल’ लिहिताना आपल्याला हा प्रश्न पडत नाही. पण संज्ञा आपण रोमन लिपीतच घेतो, आणि तिथे अक्षर बदलले की अर्थ बदलतो. फलक किंवा अहवाल ठळक दिसावा म्हणून सगळेच मोठ्या अक्षरांत टाइप करण्याची सवय असते. संज्ञेसाठी ती सोडावी लागते. तपासण्याची रीत सोपी आहे. आधी उपसर्ग वेगळा काढायचा, मग उरलेली संज्ञा माणसाच्या नावावरून आली आहे का ते पाहायचे. आली असेल तर पहिले अक्षर मोठे, नसेल तर लहान. अनेकवचनाचा s आणि पूर्णविराम दोन्ही नकोत.

या नियमाला थोडे अपवाद आहेत आणि प्रत्येकाला कारण आहे. ओहमसाठी O न घेता ग्रीक Ω घेतला आहे, कारण O आणि शून्य सारखे दिसतात. ‘डिग्री सेल्सिअस’ इंग्रजीत पूर्ण लिहिताना C मोठा राहतो. त्या नावात एककाचा शब्द ‘डिग्री’ हा आहे, त्याचा d लहानच असतो, आणि सेल्सिअस हे कोणाची डिग्री ते सांगणारे विशेषनाम आहे. केल्विनच्या बाबतीत १९६७ मध्ये ‘डिग्री’ हा शब्दच काढून टाकला, तेव्हा k लहान झाला आणि संज्ञा नुसती K राहिली.

खरा अपवाद लिटरचा. लहान l आणि 1 हा आकडा छापील मजकुरात इतके सारखे दिसतात, की 1 l हे ११ असे वाचले जाण्याची भीती असते. म्हणून १९७९ मध्ये मोठा L ही पर्यायी संज्ञा म्हणून मान्य झाली. लिटर नावाचा शास्त्रज्ञ कधी झालाच नाही. पण मोठे अक्षर म्हणजे माणूस, ही समजूत एव्हाना इतकी पक्की झाली होती, की १९७८ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या केनेथ वूलनर यांनी रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठीच्या एका नियतकालिकात क्लोद एमिल लिटर नावाच्या शास्त्रज्ञाचे संपूर्ण काल्पनिक चरित्र लिहिले. मोठ्या L ला एक हक्काचा माणूस मिळावा, एवढाच त्यामागचा विनोद होता. तरीही काहींनी ते खरे धरले आणि पुढे छापलेही.