सोललेलं अंडंही फुटतं!

जूचंद्रच्या घरात रात्रीचा अंड्याचा रस्सा सकाळपर्यंत उरला, की नायगावची लोकल गाठायच्या घाईत वाटी थेट मायक्रोवेव्हमध्ये जाते. अख्खं उकडलेलं अंडं, वर तिखट रस्सा, दोन मिनिटं. यातली धोक्याची गोष्ट म्हणजे ते अख्खं अंडं. कवच काढलंय म्हणून ते फुटणार नाही, असं अनेकांना वाटतं. पण फुटतं, आणि कधी कधी ओव्हनमधून सुखरूप बाहेर आल्यावर, चमचा लागताक्षणी किंवा पहिल्या घासाला.

मायक्रोवेव्हच्या जन्मकथेतही एक फुटलेलं अंडं आहे. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांना १९४५ च्या सुमारास रडारच्या मॅग्नेट्रॉननं अन्न तापतं हे लक्षात आलं. त्यांनी आधी मक्याचे दाणे फोडून पाहिले, मग अंडं ठेवलं. ते जवळ डोकावणाऱ्या सहकाऱ्याच्या तोंडावर उडालं, असं सांगतात.

कच्च्या अंड्याचं कारण सरळ आहे. आत पाणी भरपूर, कवच बंद. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, पण इतक्या झपाट्यानं तयार होणारी वाफ त्यांतून निसटू शकत नाही. त्यात अंड्याच्या आकाराच्या गोल पदार्थात मायक्रोवेव्ह लहरींची उष्णता मध्यभागी, म्हणजे बलकाकडे जास्त एकवटते.

उकडलेल्या अंड्याचं कोडं जास्त मजेशीर आहे. उकडलेलं अंडं तोंडात फुटून कानाला इजा झाली, असा दावा करत एक ग्राहक अमेरिकेत कोर्टात गेला. त्या निमित्तानं अँथनी नॅश आणि लॉरेन फॉन ब्लोन या ध्वनितज्ज्ञांनी शंभराच्या आसपास उकडलेली अंडी पाण्यात ठेवून मायक्रोवेव्हमध्ये तापवून पाहिली आणि २०१७ साली निष्कर्ष मांडले. एक-तृतीयांशाहून थोडी कमी अंडी ओव्हनबाहेर आल्यावर फुटली. फूटभर अंतरावर मोजलेला आवाज ८६ ते १३३ डेसिबल भरला. भोवतालच्या पाण्यापेक्षा बलक जास्त गरम निघाला. त्यांचा अंदाज असा, की घट्ट झालेल्या बलकात पाण्याचे बारीक कप्पे अडकतात आणि ते न उकळताच उकळबिंदूच्या वर तापतात. टोक किंवा दात लागला की एक कप्पा उकळतो, त्याच्या धक्क्यानं शेजारचा, आणि सगळ्यांची वाफ एकदम होते. म्हणून तापवून झाल्यावर अंड्याला काटा टोचून ‘वाफ काढणं’ हा उपाय नाही. स्फोट त्यानंच सुरू होतो.

मग त्या वाटीचं काय करायचं? अंडी बाहेर काढा, नुसता रस्सा झाकून चांगला उकळेल इतका तापवा, आणि अंडी अर्धी कापून त्यात पाच मिनिटं बुडवून ठेवा. फ्रिजमधून काढलेली असतील तर गॅसवरच मंद आचेवर रस्सा उकळा.

मायक्रोवेव्हमध्ये अंडं करायचंच असेल तर ते फोडून, फेटून करा. तेल लावलेल्या मोठ्या मगात दोन अंडी, दोन चमचे दूध, मीठ, कांदा-कोथिंबीर. ४५ सेकंद चालवा, ढवळा, पुन्हा ३० ते ४५ सेकंद. ओलसर दिसताच थांबा आणि मिनिटभर ठेवा, बाकीचं आतल्या उष्णतेवर शिजतं. कच्चा पातळ भाग मात्र राहू देऊ नका. बलक अख्खा हवा असेल तर अर्धा कप पाण्यात अंडं सोडा, शिजवण्याआधी टूथपिकनं बलक टोचा, ताटली झाका आणि मध्यम पॉवरवर मिनिटभर द्या. पांढरा भाग थरथरत असेल तर दहा-दहा सेकंद वाढवा. आतून फट्फट् आवाज आला तर बंद करा आणि दार लगेच उघडू नका.

आता कुकर. जूचंद्र समुद्रसपाटीलगतच आहे, त्यामुळे उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं. कुकरमध्ये शिट्टी येईपर्यंत पारा १२० पर्यंत चढतो, तरी अंडं का फुटत नाही? कारण बाहेरचा दाबही तितकाच वाढलेला असतो, त्यामुळे आतलं पाणी उकळायला धजत नाही. गडबड होते ती घाईत शिट्टी उचलून वाफ सोडली तर. बाहेरचा दाब एकदम कोसळतो, आतलं पाणी मात्र अजून शंभराच्या वर असतं, आणि अंडी तडकतात.

फ्रिजमधली अंडी आधी थोडा वेळ बाहेर ठेवा. ती बुडतील इतकं पाणी घाला, कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. चिमूटभर मीठ टाकलं तर एखादं तडकलंच तर पांढरा भाग लवकर गोठतो. मध्यम आच, एक शिट्टी, गॅस बंद. दाब आपोआप उतरला की अंडी थेट गार पाण्यात. बलकाभोवती हिरवट कडं दिसलं तर ती बिघडलेली नाहीत. जास्त तापल्यानं बलकातलं लोह आणि पांढऱ्या भागातलं गंधक एकत्र आलेलं असतं. पुढच्या वेळी शिट्टी होताच गॅस बंद करा आणि झाकण उघडल्यावर अंडी गरम पाण्यात पडून राहू देऊ नका.