धुके की धुरकट हवा?

डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी वांद्र्याच्या किनाऱ्यावरून सागरी सेतूपलीकडच्या वरळीच्या इमारती दिसेनाशा झाल्या की “आज मुंबईत धुके पडलेय” असे सर्रास म्हटले जाते. बहुतेक वेळा ते धुके नसते. त्यात पाणी थोडे आणि धूर-धूळ जास्त असते. हा फरक समजायला हवा, कारण धुके आपण कौतुकाने पाहतो आणि त्याच कौतुकाने धुरात फिरायला जातो.

हवामान निरीक्षकाचा पहिला प्रश्न अंतराचा असतो. एक किलोमीटरवरची खूण दिसत नसेल आणि त्याला हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब कारण असतील, तर ते धुके. दृश्यता दोनशे मीटरच्या खाली गेली की दाट धुके, पन्नासच्याही खाली गेली की अतिदाट. दृश्यता एक किलोमीटरहून जास्त, पण तरीही धूसर असेल, तर ते एकतर विरळ धुके असते किंवा धुरकट हवा. इथे अंतर काहीच सांगत नाही. दोन्हींत दोन किलोमीटरपर्यंतचेच दिसू शकते. इथे निवाडा आर्द्रता करते. आपल्याकडे साधारण ७५ टक्क्यांच्या वर सापेक्ष आर्द्रता असेल तर विरळ धुके आणि खाली असेल तर धुरकट हवा, अशी नोंद होते.

ही आर्द्रता कुणालाही जोखता येते. मोठ्या विमानतळांवरून दर अर्ध्या तासाला हवेचा अहवाल निघतो आणि तो इंटरनेटवर खुला असतो. धुक्यासाठी त्यात FG, विरळ धुक्यासाठी BR आणि धुरकट हवेसाठी HZ ही अक्षरे असतात. पुढे तिरक्या रेघेने जोडलेले दोन आकडे दिसतात. पहिला तापमानाचा, दुसरा दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते त्याचा. दोन्हींत जितके कमी अंतर, तितकी हवा ओलसर.

समजा, सकाळी सात वाजता 15/14 असे लिहिले आहे आणि दृश्यता दीड किलोमीटर आहे. म्हणजे आर्द्रता ९४ टक्क्यांच्या आसपास, आणि नोंद विरळ धुक्याची. अकरा वाजता तोच अहवाल 25/14 सांगतो. बाष्प तेवढेच आहे, पण हवा तापल्याने आर्द्रता पन्नास टक्क्यांवर आली. थेंब फक्त पाण्याचे असते, तर एव्हाना दूरचे डोंगर स्वच्छ दिसायला हवे होते. दृश्यता तरीही अडीच किलोमीटरच असेल, तर मधे उभे आहेत ते कण. सकाळीही ते तिथेच होते, फक्त पाण्याने फुगलेले होते.

हे फुगणे महत्त्वाचे आहे. वाहने, कारखाने, शेती यांतून निघणाऱ्या वायूंपासून हवेत अमोनियमचे नायट्रेट आणि सल्फेट तयार होते. हे क्षार, तसेच समुद्राचे मीठ, हवा शंभर टक्के ओली होण्याची वाट पाहत नाहीत. आर्द्रता साठ ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान गेली की ते पाणी ओढून घेऊ लागतात आणि मोठे झालेले कण प्रकाश जास्त विखुरतात. म्हणून ७५ टक्क्यांची रेघ ही नोंदीची सोय आहे, निसर्गातली भिंत नव्हे. अहवालात ‘विरळ धुके’ लिहिलेले असले तरी हवा स्वच्छ असल्याची हमी त्यात नाही. उलट घाणेरड्या हवेत धुकेही अधिक त्रासदायक होते: तेवढेच पाणी अधिक कणांवर वाटले जाते, थेंब बारीक आणि संख्येने जास्त होतात, आणि दिसणे आणखी कमी होते.

उपकरण हाताशी नसेल तर रंग पाहावा. कोरडी धुरकट हवा गडद डोंगरासमोर निळसर दिसते, उजळ आकाशासमोर पिवळट-तपकिरी, आणि त्यातून सूर्य तांबूस दिसतो. पाण्याचे थेंब सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, त्यामुळे धुके पांढरट-करडे असते. रात्रभर जमीन थंड होऊन पडलेले धुके सहसा ऊन वर चढल्यावर विरते. धुरकट हवा दुपारीही रेंगाळते, विशेषतः वारा मंद असताना. मुंबईत हिवाळ्यात समुद्राकडून येणारे वारे उशिरा सुरू झाले की हेच घडते.

प्रदूषणाच्या आकड्यांशी तुलना करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. सरकारी केंद्रांवरची अनेक यंत्रे हवा आत घेताना गरम करून पाणी उडवतात आणि मुख्यतः कोरडे कण मोजतात. त्यामुळे ओल्या सकाळी दृश्यता खूप वाईट असूनही आकडा मध्यम दिसू शकतो. घरगुती स्वस्त संवेदक बहुधा हवा न तापवता विखुरलेला प्रकाश मोजतात. धुक्यात ते थेंबांनाही कण समजतात आणि आकडा फुगवून दाखवतात. अशा वेळी सकाळच्या आकड्यावर भरवसा न ठेवता, आर्द्रता उतरल्यावर दुपारचा आकडा पाहावा. तोही चढा असेल, तर दोष धुक्याचा नाही.