चेक परत आल्यानंतरचे पंधरा दिवस

‘सदर नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत रक्कम रुपये २,४०,०००/- आमच्या अशिलास अदा करावी, अन्यथा तुमच्याविरुद्ध फौजदारी फिर्याद दाखल करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’ वकिलाच्या लेटरहेडवर, खाली सही-शिक्का मारून आलेलं हे वाक्य वाचलं की घरातलं वातावरणच बदलतं. ‘फौजदारी’ हा शब्द दिसला की पुढचं काही नीट वाचलं जात नाही. माणूस एकतर घाबरून जातो, नाहीतर ‘बघू काय करतात ते’ म्हणून कागद कपाटात टाकून देतो. दोन्हींत तेच पंधरा दिवस वाया जातात, आणि कायद्याने तुमच्या हाती ठेवलेले सगळ्यात मोलाचे दिवस तेच असतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. ही नोटीस कोर्टाची नाही. तुमच्यावर अजून कोणताही खटला नाही, पोलीस यायचा प्रश्न नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, म्हणजे १८८१ च्या कायद्यात, कलम १३८ आहे. खात्यात पैसे नसल्यामुळे चेक परत गेला, एवढ्यानेच या कलमाखालचा गुन्हा पुरा होत नाही. चेक परत आल्यावर समोरच्याने लेखी मागणी करायची, ती तुम्हाला मिळायची, त्यानंतर पंधरा दिवस जायचे आणि तरीही तुम्ही पैसे दिलेले नसायचे, तेव्हा गुन्हा होतो. पंधरा दिवसांत चेकची रक्कम चुकती केली, तर या कलमाखाली फिर्यादच उभी राहू शकत नाही. सोळाव्या दिवशी तेच पैसे दिले, तर देणं फिटतं, पण फिर्याद करायचा समोरच्याचा हक्क तोवर जन्माला आलेला असतो.

एक उदाहरण तारखांसकट घेऊ. समजा, फर्निचर करणाऱ्या एका कारागिराने प्लायवूडच्या दुकानदाराकडून उधारीवर माल उचलला आणि ५ मे तारखेचा २,४०,००० रुपयांचा चेक दिला. दुकानदाराने तो १२ मे रोजी बँकेत भरला. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने तो चालतो, त्यामुळे तिथे अडचण नाही. १४ मे रोजी बँकेने चेक परत केला आणि सोबत रिटर्न मेमो दिला, कारण ‘फंड्स इन्सफिशिअंट’. इथून दुकानदाराची मुदत सुरू झाली. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत, म्हणजे १३ जूनपर्यंत, त्याने नोटीस दिली पाहिजे. ही तीस दिवसांची मुदत कडक आहे. ती हुकली तर उशीर माफ करायची सोय कायद्यात नाही. चेकची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत भरता येतो, पुन्हा परत आला तर नव्याने नोटीस देता येते. दुसरी वाट नाही.

दुकानदाराच्या वकिलाने २९ मे रोजी नोटीस पाठवली आणि कारागिराला ती २ जूनला मिळाली. मिळाल्याचा दिवस मोजायचा नाही. म्हणजे ३ जून हा पहिला दिवस आणि १७ जून हा पंधरावा. १७ जूनच्या रात्रीपर्यंत पैसे पोहोचले नाहीत, तर १८ जूनला दुकानदाराचं फिर्यादीचं कारण निर्माण झालं. तिथून एका महिन्यात, म्हणजे १८ जुलैपर्यंत, त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद दाखल करावी लागते. तिला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. पण घाई करून पंधरा दिवस संपण्याआधीच फिर्याद टाकली, तर ती चालत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योगेंद्र प्रताप सिंह यांच्या प्रकरणात हे ठाम सांगितलं आहे.

काही नोटिशींत ‘सात दिवसांत’ किंवा ‘तात्काळ’ असं लिहिलेलं असतं. त्याने कायद्याची मुदत कमी होत नाही. आणि मोजणी नोटिशीवर छापलेल्या तारखेपासून नाही, ती तुम्हाला मिळाल्याच्या तारखेपासून करायची. म्हणून पाकीट टाकून देऊ नका. त्यावरचा टपालाचा शिक्का आणि ट्रॅकिंग क्रमांक जपून ठेवा, आणि नोटीस कधी हाती आली ते त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा.

नोटीस घेतलीच नाही तर? हा सल्ला गावोगाव दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. पोस्टमन पाकिटावर ‘घेण्यास नकार’ किंवा ‘घर बंद’ असा शेरा मारून ते परत नेतो. पत्ता बरोबर असेल तर कोर्ट ती नोटीस तुम्हाला मिळाली असंच धरतं. पत्ता खरोखर चुकीचा होता, तुम्हाला काही कळलंच नाही, असं असेल तर सी. सी. अलवी हाजी खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने एक वाट ठेवली आहे: समन्स हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत चेकची रक्कम भरा आणि ते कोर्टाला सांगा. मुद्दाम नोटीस टाळणाऱ्यानेही त्या वेळी पैसेच भरायचे असतात. मग टाळून मिळवलं काय?

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती जागा. पंधरा दिवस पैसे देण्यासाठी आहेत, उत्तर देण्यासाठी नाहीत. नोटिशीला उत्तर देण्याची कोणतीही वेगळी मुदत कलम १३८ मध्ये लिहिलेली नाही, आणि उत्तर पाठवल्याने पंधरा दिवसांची मोजणी थांबत नाही. ‘आम्ही वकिलामार्फत उत्तर दिलंय’ म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाने देणं मान्य असूनही पैसे भरले नसतील, तर त्या उत्तराने काही वाचत नाही. थोडे पैसे भरून बाकीचे पुढच्या महिन्यात देतो म्हटल्यानेही नाही. समोरच्याला ते पटून त्याने लेखी मान्य केलं तर गोष्ट वेगळी. पण त्याच्यावरही एका महिन्याची टांगती तलवार असते, त्यामुळे बोलणी चालू असतानाही तो फिर्याद टाकू शकतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

तरीही उत्तर द्यावं का? माझं मत स्वच्छ आहे: वाद असेल तर जरूर द्यावं, आणि त्या पंधरा दिवसांतच द्यावं. कारण चेकवरची सही तुमची असेल, तर कलम १३९ नुसार चेक देण्यापोटीच दिला होता असं कोर्ट धरून चालतं आणि तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. कोरा चेक सही करून दिला होता, एवढं सांगूनही सुटका होत नाही. उत्तर न दिल्यामुळे तुमचा बचावाचा हक्क जात नाही, पण दोन वर्षांनी साक्षीच्या वेळी पहिल्यांदा ‘चेक फक्त तारण म्हणून दिला होता’ असं सांगितलं, तर न्यायाधीश विचारणारच, की हे तेव्हाच का नाही कळवलंत? २०१० च्या रंगप्पा खटल्यात नोटिशीला उत्तर न देणं आरोपीच्या विरोधात गेलं होतं.

आपल्या कारागिराकडे परत येऊ, कारण त्याची गोष्ट इतकी सरळ नाही. चेक दिल्यावर आणि तो बँकेत जाण्याआधी, ८ मे रोजी, त्याने दुकानदाराला यूपीआयने ८०,००० रुपये पाठवले होते. दुकानदाराने तरीही पूर्ण २,४०,००० चा चेक भरला आणि नोटिशीतही पूर्ण रक्कम मागितली. अशा वेळी कायदा कारागिराच्या बाजूने बराच झुकतो. २०२२ मध्ये दशरथभाई पटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली असेल तर तशी नोंद चेकवर करून उरलेल्या रकमेसाठीच तो भरायला हवा. तसं न करता पूर्ण रकमेचा चेक भरला, तर चेकवरचा आकडा हे खरं येणं राहत नाही आणि कलम १३८ लागू होत नाही.

हे समजल्यावर कारागीर म्हणेल, मग मी काहीच देत नाही. तसं करू नये. फौजदारी फिर्याद लंगडी पडली तरी १,६०,००० रुपयांचं देणं शिल्लकच आहे, दुकानदार दिवाणी दावा लावू शकतो, आणि मालाचा पुढचा व्यवहारही त्याच्याशीच असतो. त्याने दोन गोष्टी एकत्र कराव्यात. १,६०,००० रुपये १७ जूनच्या आधी एनईएफटी किंवा डिमांड ड्राफ्टने दुकानदाराला द्यावेत. रोख देऊ नयेत, आणि दुसरा चेक तर मुळीच देऊ नये. पहिला हातात ठेवून दुसराही बाउन्स झाला, तर दोन प्रकरणं अंगावर येतात. आणि त्याच दिवशी नोटीस पाठवणाऱ्या वकिलाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने लहानसं उत्तर पाठवावं: चेक क्रमांक हा, नोटीस अमुक तारखेला मिळाली, ८ मे रोजी ८०,००० दिले, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हा, उरलेले १,६०,००० आज अमुक क्रमांकाने दिले, मूळ चेक परत करावा. बँक स्टेटमेंटची प्रत जोडावी. पोस्टाची पावती आणि पोहोच सांभाळावी. शिवीगाळ, जुने हेवेदावे, ‘तुम्ही दिलेलं प्लायवूडच खराब होतं’ अशी मागून सुचलेली कारणं त्या पत्रात घालू नयेत. माल खरोखर खराब असेल आणि त्याचे फोटो, तेव्हाचे व्हॉट्सअॅप संदेश असतील तरच तो मुद्दा लिहावा. उत्तरातलं प्रत्येक वाक्य पुढे उलटतपासणीत वाचून दाखवलं जातं.

नोटिशीत चेकच्या रकमेबरोबर व्याज, नोटिशीचा खर्च आणि मानसिक त्रासाचे पैसेही मागितलेले असतात. कलम १३८ पुरती चेकची रक्कम भरणं पुरेसं आहे, बाकीच्या मागण्या वेगळ्या. उलट बाजूने, नोटिशीत चेकचीच रक्कम चुकीची टाकली असेल तर ती नोटीसच निरुपयोगी ठरू शकते. २०२५ मध्ये कावेरी प्लास्टिक्सच्या प्रकरणात टायपिंगची चूक ही सबबही सर्वोच्च न्यायालयाने ऐकली नाही. त्यामुळे नोटीस हाती आली की रिटर्न मेमोची तारीख, चेक क्रमांक आणि आकडा आधी पडताळून पाहा. ‘स्टॉप पेमेंट’ केलं होतं किंवा खातं बंद केलं होतं म्हणून आपण सुटलो, असं मात्र समजू नका. या कारणांनी परत आलेल्या चेकवरही कलम १३८ लागू होतं.

पंधरा दिवस हातून गेलेच, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. खटला चालू असताना कोर्ट चेकच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईही द्यायला लावू शकतं. तडजोडीचं दार मात्र शेवटपर्यंत उघडं राहतं. २०२५ मध्येच गोव्यातून आलेल्या संजबीज तारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरोपीचा बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी रक्कम भरली तर जादा खर्च न लावता प्रकरण मिटवता येईल. पुरावा झाल्यानंतर, पण निकालाआधी भरली तर पाच टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात साडेसात टक्के आणि सर्वोच्च न्यायालयात दहा टक्के जादा. त्याआधी समन्स, जामीन आणि तारखांना चकरा येतातच. देणं खरं असेल, तर पैशाची सोय पंधराव्या दिवसाआधी करा. उसने घ्यावे लागले तरी घ्या.