व्यापारी कापसाची चिमूट ओढून काय बघतो? रुईचं सूत होताना नेमकं काय घडतं

कापसाची गाडी बाजार समितीच्या आवारात लागली की व्यापारी ढिगात हात घालतो. एक बोंड फोडतो, सरकीवरची रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरून सावकाश ओढतो, पुन्हा जोडतो, पुन्हा ओढतो. चार-पाच वेळा असं केलं की चिमटीत तंतूंचा एक सरळ झुपका उरतो. त्याची लांबी डोळ्यांनी मोजून तो भाव बोलतो. शेतकऱ्याला वाटतं, भाव पाडायचा बहाणा आहे. कधी तो असतोही. पण त्या चिमटीत खरंच एक तपासणी दडलेली आहे, आणि ती कळायची तर रुईचं सूत कसं होतं ते बघावं लागतं.

त्यासाठी घरीच एक प्रयोग करून बघा. सरकी काढलेली थोडी रुई घ्या आणि दोन्हीकडून ओढा. काहीच जोर न लागता ती तुटते. खरं तर तुटत नाही, तंतू एकमेकांवरून घसरून वेगळे होतात. आता दुसरी चिमूट घ्या. एका हाताने हळूहळू ओढत राहा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी तिला एकाच दिशेने पीळ द्या. बारीक धागा निघेल आणि तो ओढून पाहिला तर बऱ्यापैकी टिकेल. मग तोच धागा उलट्या दिशेने फिरवून पीळ सोडा. पुन्हा रुई झाली, पुन्हा सहज सुटली.

सुतात गोंद नसतो, गाठ नसते. कापसाचा एक तंतू जेमतेम इंचभर. 20 नंबरच्या सुताचा आडवा छेद घेतला तर त्यात असे पावणेदोनशे-दोनशे तंतू असतात. पिळामुळे बाहेरचे तंतू आतल्या तंतूंना आवळतात आणि त्या घर्षणावर अख्खं सूत उभं राहतं. तंतू जितका लांब, तितकी त्याची शेजाऱ्यावरची पकड जास्त. आखूड तंतू लवकर घसरतो. व्यापाऱ्याच्या चिमटीतला हिशेब इथून सुरू होतो.

आधी पिंजण

जिनिंगमध्ये सरकी निघाली, रुईची गाठ बांधली, तरी ती रुई कातण्याजोगी नसते. तंतू गुंतलेले, दबलेले असतात, मध्ये पाल्याचा चुरा, सरकीची टरफलं असतात. ते सुटे करणं म्हणजे पिंजण. पिंजारी धनुकलीची ताणलेली तात रुईच्या ढिगात धरून ठोकायचा. तातेच्या थरथरीने रुई फुलून उडायची आणि कचरा खाली पडायचा. तंतू मोकळे व्हायचे, पण सरळ रांगेत येत नसत. मग ती फुललेली रुई पाटावर पसरून, काडीभोवती हलकेच वळून पेळू करायचे. पेळू घट्ट वळला तर कातताना अडकून येतो, फार सैल वळला तर गोळेच्या गोळे निघतात.

गिरणीत हेच काम कार्डिंग मशिन करतं. मोठ्या ढोलावर बारीक दातांची तार गुंडाळलेली असते आणि समोर तशाच दातांच्या पट्ट्या. त्यांच्या चिमूटभर फटीतून रुई जाताना तंतू एकेक करून विंचरला जातो. पलीकडून कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ पडदा निघतो, तो एका भोकातून ओढला की अंगठ्याएवढा जाड, अखंड दोर तयार होतो. तो म्हणजे गिरणीचा पेळू.

शेतातली एक चूक या टप्प्यावर महागात पडते. वेचणीला खताची प्लॅस्टिकची पोती वापरली की त्यांचे सुटलेले धागे कापसात मिसळतात. पांढऱ्यात पांढरं, कुणाला दिसत नाही. कार्डिंगचे दात त्या एका धाग्याच्या बारीक बारीक चिंध्या करतात आणि त्या कित्येक मीटर सुतात पसरतात. कापड रंगवेपर्यंत कळत नाही. कापसाचा रंग प्लॅस्टिकला चढत नाही, म्हणून रंगवलेल्या तागावर फिक्या रेघा उमटतात. डोक्याच्या केसांचं, सुतळीचं तसंच. वेचणीला सुती कापडाची ओटी आणि सुती झोळी वापरा म्हणतात ते यासाठी.

अर्धवट पिकलेल्या बोंडाचाही दोष इथेच उघडा पडतो. कच्चा तंतू पातळ आणि लुळा असतो, दातांपुढे सरळ व्हायच्या ऐवजी त्याची गुठळी होते. कापडावर हात फिरवताना लागणारे बारीक दाणे बहुधा तेच. रंग त्यांनाही नीट लागत नाही.

ओढ: हात आणि रूळ

पेळू जाड, सूत बारीक. मधलं काम ओढून बारीक करण्याचं, गिरणीच्या भाषेत ड्राफ्टिंग. गिरणीचा पेळू मीटरला 5 ग्रॅम भरतो असं धरू. 20 नंबरचं सूत एका ग्रॅममध्ये साधारण 34 मीटर निघतं. म्हणजे त्या एक मीटर पेळूचं 170 मीटर सूत व्हायला हवं. एका दमात एवढं ओढलं तर तो तुटेल, म्हणून आधी साधारण 7 पट ओढून हलका पीळ दिलेली वात करतात, मग रिंग फ्रेमवर तिला अजून 24 पट. सात चोवीस 168, हिशेब जुळतो.

ओढायला माणूस नसतो, रुळांच्या जोड्या असतात. मागची जोडी हळू फिरते, पुढची जोरात. तंतू मागच्या रुळातून सुटला की पुढच्याने पकडायला हवा, म्हणून दोन जोड्यांमधलं अंतर तंतूच्या लांबीपेक्षा थोडंसंच जास्त ठेवतात. आता विचार करा, 29 मिलिमीटरच्या कापसासाठी अंतर लावलं आणि त्यात बरेच तंतू 15 मिलिमीटरचे निघाले तर? मागच्याने सोडलं, पुढच्याने अजून धरलं नाही. मधल्या मध्ये ते तंतू कुणाच्याच ताब्यात नसतात. गर्दीबरोबर झुंडीने पुढे जातात. झुंड गेली तिथे सूत जाड, तिच्या मागे बारीक. बारीक जागी सूत तुटतं आणि रिंग फ्रेमवरच्या कामगाराला धावत जाऊन जोडावं लागतं. म्हणून गिरणीला लांब तर हवाच, पण एकसारखाही कापूस हवा. पहिल्या वेचणीचा आणि फरदडीचा कापूस एकत्र करून आणला की व्यापाऱ्याच्या चिमटीत लांबडे-आखूड दोन्ही तंतू येतात, आणि तो तोंड वाकडं करतो.

चरख्यावर रूळ नसतात. तिथे ओढ आणि पीळ एकाच वेळी चालतात, आणि त्यात एक गंमत आहे. पीळ नेहमी बारीक जागेकडे धावतो. बारीक जागा पिळली की घट्ट होते, पुढे ओढली जात नाही. जाड जागेत पीळ कमी, ती मऊ राहते आणि ओढीला तीच ताणली जाते. म्हणजे सूत स्वतःच थोडंफार सारखं होत जातं. कातणाऱ्याच्या चिमटीला जाड जागा लागली की ती क्षणभर थांबून तेवढीच ओढते. त्यामुळे आपल्या देशी कपाशीचा आखूड तंतूही चरख्याने शतकानुशतकं कातला. गिरणीच्या रुळांना तो जमला नाही, आणि लांब तंतूच्या वाणांना भाव मिळू लागला.

पीळ किती?

20 नंबरच्या सुताला इंचाला साधारण 18 पीळ लागतात. सूत जितकं बारीक तितके पीळ जास्त. आता चरख्याचं गणित. चाकाचा व्यास 60 सेंटिमीटर आणि चातीचा माळ बसते तिथे 1 सेंटिमीटर असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात चाती 60 वेळा फिरते. हात लांब करून 60 सेंटिमीटर, म्हणजे 24 इंच धागा ओढला, तर त्याला 24 गुणिले 18, सव्वाचारशेच्या वर पीळ हवेत. म्हणजे चाकाचे 7 फेरे.

नवशिका इथेच चुकतो. धागा ओढताना चाक 4 फेरे फिरलं की ओढ संपते आणि तो लगेच गुंडाळायला घेतो. 3 फेऱ्यांचा पीळ बाकीच राहतो. ते सूत चातीवर छान दिसतं, मागावर ताण बसला की सुटतं. जाणती कातणारी बाई हात लांबच ठेवून चाक आणखी फिरवते, मग चाक किंचित उलटं घेऊन चातीच्या टोकाचे वेढे सोडवते आणि धागा काटकोनात आणून गुंडाळते. जास्त पीळही वाईट. धागा सैल सोडून बघा, तो स्वतःभोवती गुरफटून वळ्या घालत असेल तर पीळ फाजील झाला. असं सूत कडक होतं, झटका बसला की मोडतं. कडक उन्हाच्या कोरड्या दुपारीही सूत जास्त तुटतं, कारण ओलसर हवेत कापसाचा तंतू मजबूत असतो. गिरणीत मुद्दाम हवा दमट ठेवतात ती यासाठीच.

एवढी ओढ, पीळ आणि गुंडाळणी मिळून 10 सेकंद धरले तर चरख्यावर तासाला दोनशेहून थोडं जास्त मीटर सूत निघतं. गिरणीची एक चाती मिनिटाला 16 हजार फेरे घेते. इंचाला 18 पीळ, म्हणजे मिनिटाला 22 मीटर, तासाला 1300 मीटर. एका चातीशी एक चरखा तोलला तर फरक फक्त सहापट. गिरणीचं खरं बळ वेगात नाही, एका कामगाराच्या देखरेखीखाली हजारावर चात्या चालतात त्यात आहे. चाती आणखी पळवता येत नाही, कारण पीळ भरताना धागा एका इवल्या लोखंडी कडीतून जातो. ती कडी रिंगवर फिरताना घासून तापते, वेग फार वाढवला तर जळून जाते.

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्याचे वेगवेगळे प्रकार बघायला मिळतात. त्यात अंबर चरखा बारकाईने पाहा. हाताने फिरवायचा, पण वर गिरणीसारखेच रूळ आणि खाली एकाहून जास्त चात्या. त्यामुळे उत्पादन वाढलं, पण ओढ बोटांकडून रुळांकडे गेली आणि रुळांची अटही सोबत आली. घरी पिंजून वळलेला पेळू त्याला चालत नाही, एकसारखी वातच लागते. म्हणून खादी आयोगाने पेळू बनवण्याचे स्वतंत्र कारखाने काढले. खादीचं सूत हाताने कातलं जातं, पण त्यातला बराचसा कापूस आधी मशिनवर पिंजून येतो.