कपॅसिटर जोडले, ऊर्जा गेली कुठे?

कपॅसिटर भरताना पहिला विद्युतभार सहज आत जातो, पण साठा वाढत जातो तसा पुढच्या भाराला अधिक जोर लावावा लागतो. म्हणून साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: ½CV².

आता 1000 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर घ्या, एक 20 व्होल्टवर आणि दुसरा 10 व्होल्टवर भरलेला. त्यांत अनुक्रमे 0.2 आणि 0.05 ज्यूल, म्हणजे एकूण 0.25 ज्यूल ऊर्जा आहे. धन टोक धनाला आणि ऋण टोक ऋणाला जोडले की दोन्ही 15 व्होल्टवर स्थिरावतात. विद्युतभार कणभरही कमी होत नाही, ऊर्जा मात्र 0.225 ज्यूलच उरते.

बाकीची तारेत उष्णता होऊन जाते. मग तार जाड घेतली तर? मला या प्रश्नातली सर्वांत सुंदर गोष्ट इथेच दिसते. रोध कमी केला की प्रवाह वाढतो, काम लवकर उरकते, पण घट तेवढीच राहते. रोध अगदीच नगण्य असेल, तर भार काही काळ मागेपुढे हेलकावत राहतो आणि थोडी ऊर्जा ठिणगीतून व रेडिओलहरींतूनही निसटते. ही घट फक्त दोन कपॅसिटरांची धारिता आणि त्यांच्या व्होल्टेजमधला फरक यांवर ठरते. दोन्ही आधीच 15 व्होल्टवर असते, तर काहीच गेले नसते.