दर पाच मिनिटांनी एक उसासा

पोटाचं मोठं ऑपरेशन झालं की एक-दोन दिवसांत रुग्णाच्या हाती प्लास्टिकचं एक यंत्र येतं. तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक रंगीत चेंडू आणि खाली नळी. बहुतेक रुग्ण आधी त्या नळीत फुंकतात. उशाशी बसलेले नातेवाईकही ‘अजून जोरात फुंका’ म्हणून सांगत राहतात आणि चेंडू काही जागचे हलत नाहीत. कारण यंत्र फुंकण्यासाठी नसतंच. नळी ओठांत घट्ट धरून श्वास सावकाश आत ओढायचा, चेंडू वर गेले की दोन-तीन सेकंद धरायचा आणि मग सोडून द्यायचा. जागेपणी तासाला साधारण दहा वेळा असं करायला सांगतात. म्हणजे रुग्णाकडून मुद्दाम उसासा करून घेतला जातो. टाके दुखत असल्यामुळे आणि वेदनाशामक औषधांच्या गुंगीमुळे त्याचे स्वतःचे उसासे कमी झालेले असतात.

उसासा म्हटलं की आपल्याला दुःख, कंटाळा, दमणूक किंवा सुटका आठवते. पण कसलंही दुःख नसलेला निरोगी माणूसही तासाला बाराएक उसासे टाकतो, म्हणजे साधारण पाच मिनिटांना एक. त्यातले बहुतेक त्याच्या गावीही नसतात. घरात कुणी शांत झोपलं असेल तर जरा वेळ त्याच्या छातीकडे पाहत राहा. नेहमीच्या लयीत वर-खाली होणारी छाती मध्येच एकदा वर जाते आणि खाली यायच्या आत त्याच श्वासावर आणखी एक श्वास चढतो. मग लांब निःश्वास सुटतो, क्षणभर सगळं थांबतं आणि लय पुन्हा सुरू होते. साध्या श्वासात अर्धा लिटर हवा आत जाते, या श्वासात तिच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त.

एवढी हवा कशाला लागते, तर त्याचं उत्तर फुप्फुसांच्या रचनेत आहे. आपल्या फुप्फुसांत सुमारे 48 कोटी वायुकोश असतात, एकेक जेमतेम 0.2 मिलिमीटरचा. त्यांना आतून ओलसर थर असतो आणि तो कोशाला सतत आत ओढत असतो. हा ओढा कमी करणारा साबणासारखा एक द्रव फुप्फुसातल्याच पेशी तयार करतात. तरीही उथळ श्वास चालू राहिला की थोडे थोडे कोश मिटत जातात. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या कडा एकमेकींना चिकटाव्यात, तसं होतं ते. मिटलेला कोश नेहमीच्या श्वासाने उघडत नाही, त्याला जास्त ताण लागतो आणि तो उसाशातून मिळतो. शिवाय कोश ताणले गेले की तो द्रवही नव्याने सुटतो, त्यामुळे उघडलेले कोश पुढे काही वेळ उघडे राहतात.

हे माणसांत स्पष्ट दिसलं ते ऑपरेशनच्या टेबलावर. भूल दिलेल्या रुग्णाला यंत्राने श्वास देताना प्रत्येक श्वास अगदी सारख्या मापाचा दिला जाई. बोस्टनमध्ये बेंडिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तातला ऑक्सिजन मोजत ठेवला. यंत्र नीट चालू होतं, श्वासाचं माप बदललेलं नव्हतं, तरीही ऑक्सिजन हळूहळू उतरत गेला आणि फुप्फुसंही ताठर होत गेली. मग त्यांनी काही मोठे, सावकाश धरून ठेवलेले श्वास दिले, तर ऑक्सिजन पुन्हा चढला. 1963 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि पुढे श्वासयंत्रांत अधूनमधून आपोआप मोठा श्वास देण्याची सोय आली. आता त्याच कामासाठी वेगळे उपाय जास्त वापरतात, श्वास सोडल्यावरही फुप्फुसात थोडा दाब राखून ठेवणं हा त्यातला एक. पण सारख्या मापाचा श्वास फुप्फुसांना पुरत नाही, हे तेव्हा कळलं ते कळलंच.

शरीरात ही आठवण ठेवण्याचं काम मेंदूच्या देठाकडे आहे. 2016 मध्ये जॅक फेल्डमन आणि मार्क क्रॅस्नो यांच्या गटांनी उंदरांमध्ये त्याची वाट शोधून काढली. एका ठिकाणच्या थोड्या पेशी दोन रासायनिक निरोप सोडतात, ते श्वासाची लय सांभाळणाऱ्या केंद्रातल्या सुमारे दोनशे पेशींपर्यंत पोचतात आणि साध्या श्वासाचा उसासा होतो. हे निरोप वाढवले की प्राणी उसाशांवर उसासे टाकू लागतात. दोन्ही निरोप अडवले की उसासे बंद होतात, साधा श्वास मात्र चालूच राहतो.

आता राहिलं मन. सुईत दोरा ओवताना, हिशेब जुळवताना किंवा अवघड वळणावर गाडी काढताना आपण श्वास आखडून धरतो. काम लांबलं की श्वास उथळ आणि एकसुरी होतो, खांदे वर चढतात. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात एल्के व्लेमिंक्स यांनी याचा बराच अभ्यास केला आहे. त्यांच्या मांडणीनुसार विस्कटलेली किंवा फार एकसुरी झालेली श्वासाची लय उसासा पुन्हा जागेवर आणतो. दमल्यावर येणाऱ्या उसाशाचा उलगडा मला तरी यात सर्वांत पटण्यासारखा वाटतो. दिवसभर आखडलेला श्वास आणि त्यामुळे मिटत गेलेले कोश, या दोन्हींची भरपाई त्या एका श्वासात होते.

सुटकेच्या ‘हुश्श’चं काय? उंदरांवरचा 2005 मधला एक प्रयोग इथे फार बोलका आहे. उंदरांना शिकवलं गेलं होतं की एक आवाज आला की झटका बसतो, पण त्यासोबत दिवा लागला तर बसत नाही. दिवा लागला की त्यांचे उसासे कितीतरी पटींनी वाढायचे. धोका टळला हे कळताच उसासा आला, तेही ज्यांना कुणाला काही दाखवायचं नाही अशा प्राण्यांत. त्या लांब निःश्वासात हृदयाचे ठोकेही थोडे मंदावतात, कारण श्वास सोडताना हृदयाला आवर घालणाऱ्या मज्जातंतूचा जोर वाढतो. ‘हायसं वाटलं’ म्हणतो त्यात याचाही वाटा असणार.

हा परिणाम मुद्दाम साधता येतो का, हे स्टॅनफर्डमध्ये तपासलं गेलं. रोज पाच मिनिटं, महिनाभर: नाकाने श्वास घ्यायचा, त्यावर आणखी एक छोटा श्वास चढवायचा आणि मग तोंडाने अगदी सावकाश सोडायचा. 2023 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार असं करणाऱ्यांची मनःस्थिती तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. चिंता मात्र दोघांचीही जवळपास सारखीच कमी झाली. अभ्यास शंभरेक माणसांचा, तोही घरच्या घरी केलेला. तेव्हा याला मनाच्या आजारावरचा इलाज समजू नये.

उसासे वाढले तर मात्र उलटं होतं. काही जण सतत तक्रार करतात, ‘श्वास शेवटपर्यंत जातच नाही हो.’ म्हणून ते मोठा श्वास घेतात, मिनिटभरात परत घेतात. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, माणूस घाबरतो आणि आणखी उसासे टाकतो. अशा वेळी डॉक्टर आधी विचारतात, जिना चढताना दम लागतो का, झोपेतून उठवतो का, छातीत दुखतं का, पाय सुजतात का. यातलं काही असेल तर हृदय आणि फुप्फुसं तपासावीच लागतात. यातलं काहीच नसेल, त्रास फक्त स्वस्थ बसल्यावर होत असेल आणि झोपेत नाहीसा होत असेल, तर तपासणीत बहुधा फुप्फुसं ठणठणीत निघतात. मग शिकायचं असतं ते पुढचा उसासा लांबवायला: ऊर्मी आली की तोंड मिटायचं, आवंढा गिळायचा, पोटाने हलका श्वास घेत राहायचं आणि ती ऊर्मी ओसरू द्यायची.