‘का?’ विचारण्याआधी

समजा, १९८२ च्या गिरणी संपावर माहितीपट करायचा आहे आणि समोर साचेखात्यात उमेदीची वर्षं घालवलेले एक काका बसले आहेत. आपण विचारतो, “काका, तुम्ही संपात होता का?” काका म्हणतात, “हो.” पुढे, “फार हाल झाले का?” “झाले ना.” दोन उत्तरं मिळाली आणि त्यातलं एकही चित्रपटात वापरता येणार नाही. प्रश्नकर्त्याचा आवाज बहुधा संकलनात कापला जातो आणि नुसत्या ‘झाले ना’ला मग काही अर्थ उरत नाही.

मराठीतला ‘का’ वाक्याच्या शेवटी आला की उत्तर हो-नाहीवर थांबतं. तोच सुरुवातीला आला, “का गेलात संपावर?”, तर माणूस सफाई द्यायला लागतो. युनियन, मालक, सरकार, सगळं सांगतो. पण ते त्याने सभांमध्ये ऐकलेलं असतं. “कसं वाटलं?” हा त्याहून आळशी प्रश्न. त्यावर “वाईट वाटलं” यापलीकडे कोण काय सांगणार?

म्हणून प्रश्नात एक दिवस आणि एक जागा हवी. संप १८ जानेवारीला सुरू झाला, हे पुस्तकातही सापडतं. काकांना विचारायचं ते असं: “ज्या महिन्यात पहिल्यांदा पगार आला नाही, त्या पगाराच्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, ते सांगा.” आता आठवायला चाळीतली खोली आहे, वाण्याची उधारी आहे, दारात उभी बायको आहे. “वाणी काय म्हणाला?” हा पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. तो कागदावर नसला तरी चालेल. वाण्याचे शब्द आठवले की त्याचा सूरही आठवतो, आणि मनात काय झालं ते न विचारता बाहेर येतं.

उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. मनात पाच आकडे मोजावेत. बरेचदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते. आणि हा महत्त्वाचा प्रश्न आधीच्या भेटीत चहा पिताना विचारून टाकू नये. कॅमेऱ्यासमोर मग “मघाशी सांगितलं तसं” असं ऐकावं लागतं.

क्लोद लान्झमान यांच्या ‘शोआ’ (१९८५) या नऊ तासांहून मोठ्या माहितीपटात ट्रेब्लिंकाच्या छळछावणीतून वाचलेला एक न्हावी आहे. लान्झमान त्याला कात्री होती का, आरसे होते का, केस कसे कापायचे, असं बारीकसारीक विचारत जातात. मध्येच तो थांबतो, पुढे नको म्हणतो. लान्झमान तरीही बोलायला लावतात. ते योग्य होतं का, यावर आजही वाद आहे. मी असतो तर कॅमेरा बंद केला असता.